एक तारा आणि खोटी पाटी

मे महिन्यातला शनिवार. दुपारी चारच्या सुमारास काकूंच्या अंगणात दोन गाड्या येऊन थांबल्या. सामान उतरलं, मुलं समुद्राच्या दिशेने पळाली, आणि मग काकू म्हणाल्या, "तुमचं बुकिंग आमच्याकडे नाही हो." पाहुण्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर काकूंच्याच घराचा फोटो, काकूंच्याच निवासाचं नाव आणि खाली सहा हजार रुपये आगाऊ मिळाल्याची पावती. फोन नंबर तेवढा काकूंचा नव्हता. चारही खोल्या भरलेल्या होत्या. पाहुणे संध्याकाळी भांडून निघून गेले आणि रात्री साडेदहाला काकूंच्या नावापुढे गूगलच्या नकाशावर एक तारा उमटला: 'पैसे घेतात आणि खोली देत नाहीत. फसवे लोक.'

काकू गुहागर तालुक्यातल्या. त्यांच्या निवासाला या लेखापुरतं 'सोनचाफा' म्हणू. अर्ज लिहून देणं हा माझा जुना धंदा, म्हणून सोमवारी सकाळी त्या भाच्याला घेऊन माझ्याकडे आल्या. पहिलं वाक्य होतं, "तो एक तारा आधी काढ बघू." भाच्याने तो काढायचा प्रयत्न रविवारीच केला होता. अभिप्रायाशेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवून त्याने Report review निवडलं आणि कारण दिलं, Spam.

इथेच बहुतेकांचं चुकतं. तो अभिप्राय खोटा होता, पण तो लिहिणारा खोटारडा नव्हता. त्याचे सहा हजार खरोखर गेले होते आणि त्याला खरोखर खोली मिळाली नव्हती. त्याच्या लेखी हे सगळं सोनचाफाने केलं होतं. काकूंचं खरं दुखणं म्हणजे कुणीतरी त्यांच्या नावाची दुसरी पाटी नकाशावर लावली होती, आणि तिच्याबद्दल अजून कुणीच तक्रार केलेली नव्हती. पाटी तशीच राहिली असती तर पुढच्या शनिवारी आणखी एक गाडी आली असती आणि आणखी एक तारा.

म्हणून आधी दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. तोतया नोंद ही एक तक्रार, अभिप्राय ही दुसरी. दोन्हींचे फॉर्म वेगळे, तपासणी वेगळी, पुरावेही वेगळे. एकाच पत्रात दोन्ही कोंबलं की वाचणाऱ्याला नेमकं काय काढायचं तेच कळत नाही.

अभिप्रायाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. व्यावसायिक आणि ग्राहक यांच्यात खरं कोणाचं, या वादात गूगल पडत नाही, आणि हे त्यांनी उघडपणे लिहून ठेवलं आहे. तपासणारा फक्त एवढंच बघतो, की हा मजकूर आमच्या नियमांपैकी एखादा मोडतो का. 'हे खोटं आहे' असं शंभर वेळा लिहिलं तरी तो नियम होत नाही. 'हा माणूस शेजारच्या स्पर्धक निवासाचा व्यवस्थापक आहे' हा मात्र नियमभंग. 'यात माझ्या मुलीचा फोन नंबर छापला आहे' हाही नियमभंग. पत्र लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं, की मला राग कशाचा आला आहे आणि त्यांचा कोणता नियम मोडला आहे. दोन्हींची उत्तरं क्वचितच एक निघतात.

आता पाटीकडे वळू. भाचा उत्साही होता. मोबाइल काढून तो म्हणाला, "आत्ताच रिपोर्ट मारतो." मी त्याचा हात धरला. तक्रारीनंतर नोंद उडाली तर चांगलंच, पण तिच्यासोबत पुरावाही उडतो, आणि मग पोलिसांपुढे ठेवायला आपल्याकडे फक्त आपलं बोलणं उरतं. आधी जपून ठेवायचं, मगच तक्रार.

जपून ठेवायचं म्हणजे काय? मोबाइलवरचा कापलेला स्क्रीनशॉट पुरेसा नाही. नोंद संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा. वरची पत्त्याची पट्टी आणि खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसेल असा पूर्ण पडदा टिपा. एक चित्र नाव आणि नंबर दिसणारं, एक नकाशावरची खूण दिसणारं, बाकीची फोटोंची. नंतर नोंदीवरचं Share हे बटण दाबून दुवा कॉपी करा आणि एका साध्या फाइलमध्ये चिकटवून ठेवा. सगळ्यात मोलाचा ऐवज हाच. नावाने शोधलं की खरी आणि खोटी दोन्ही वर येतात, आणि तपासणाऱ्याने चुकून काकूंचीच नोंद उघडली तर काय होईल याचा विचार करा. दुवा मात्र एकाच नोंदीवर नेतो.

सोनचाफाच्या खोट्या नोंदीत दोन बारकावे सापडले. काकूंच्या पाटीवर 'होमस्टे' हा एक शब्द आहे, तोतयाने इंग्रजीत तो तोडून दोन शब्द केले होते. दुसरा बारकावा फोटोंत. घराच्या दर्शनी फोटोत डावीकडे तुळशीवृंदावन आहे. खोट्या नोंदीतल्या फोटोत ते अर्धंच होतं, कडेने कापलेलं. मूळ फोटो भाच्याच्या मोबाइलमध्ये होता, संपूर्ण वृंदावनासह. कापलेल्या फोटोतून पूर्ण फोटो करता येत नाही, पूर्णातून कापलेला करता येतो. फोटो कोणाचा हे याहून सोप्या रीतीने सांगता येत नाही. मात्र मूळ फाइल मोबाइलमधूनच थेट घ्यायची. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकाराने बारीक होते आणि फोटो कधी काढला ही आतली नोंदही तिच्यात राहत नाही.

पुढे पोलिसांत जायचं असेल तर आणखी एक काम पाच मिनिटांत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा 'हॅश' लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो. विंडोजच्या संगणकावर तो असा काढतात:

```
certutil -hashfile 03-khoti-nond.png SHA256
```

उत्तरादाखल येणारी अक्षरं आणि अंकांची लांबलचक ओळ वहीत नव्हे, फाइलमध्येच चिकटवून ठेवा. गूगलला ती लागत नाही. ती वकिलासाठी.

पुरावा जमला. आता दार कोणतं ठोठावायचं? नकाशावरच्या नोंदीत Suggest an edit असतं, त्यात Close or remove. तिथे कारणांची यादी उघडते आणि त्या यादीत एक खड्डा आहे: Duplicate of another place. खोटी नोंद ही खऱ्याची नक्कल, म्हणून भाच्याचं बोट आपोआप तिकडे गेलं. पण 'डुप्लिकेट'चा तिथला अर्थ वेगळा. एकाच धंद्याच्या चुकून दोन नोंदी झाल्या आहेत, असा तो कबुलीजबाब ठरतो. त्यावर उपाय म्हणून दोन नोंदी एकत्र केल्या जाऊ शकतात, आणि मग तोतयाच्या नोंदीवरचे तारे, फोटो सगळं आपल्या पदरात पडू शकतं. Permanently closed हेही नको, कारण धंदा बंद झाल्याची चिठ्ठी लावून नोंद नकाशावरच राहते. खुणेच्या जागी खरोखर काहीच नसेल तर Doesn't exist here, नाहीतर Offensive, harmful, or misleading. काकूंच्या बाबतीत पहिलं कारण तंतोतंत लागू होतं. तोतयाने खूण टेकवली होती ती घरापासून तीनशे मीटरवर, काजूच्या बागेत.

या मार्गाने मजकूर फारसा लिहिता येत नाही. त्यासाठी गूगलचा वेगळा फॉर्म आहे, Business Redressal Complaint Form. नकाशावरच्या नोंदीचं नाव, पत्ता, फोन किंवा संकेतस्थळ फसवणुकीसाठी वापरलं जात असेल तर तो भरायचा. अभिप्रायांसाठी तो नाही. त्यात आपलं नाव, ईमेल, खोट्या नोंदीचा दुवा आणि नेमकी कोणती माहिती फसवी आहे ते विचारतात, आणि मग आपलं म्हणणं मांडायला एक चौकट देतात. आपलं पत्र जायचं ते या चौकटीत.

भाच्याने रविवारी रात्री लिहिलेला मजकूर असा होता: 'आम्ही गेली अठरा वर्षं प्रामाणिकपणे पाहुण्यांची सेवा करत आहोत. काही समाजकंटकांनी आमची बदनामी चालवली आहे. आपण ताबडतोब कडक कारवाई करावी, अन्यथा आम्हाला न्यायालयाचा मार्ग स्वीकारावा लागेल.' मामलेदार कचेरीत हा अर्ज शोभला असता. पण यात दुवा नाही, नंबर नाही, काय काढायचं तेही नाही. वाचणारा आपल्या गावापासून कोसो दूर बसलेला, त्याला गुहागर माहीत नाही आणि दिवसाला अशा कितीतरी तक्रारी बघायच्या आहेत. त्याच्या हाती ताडून पाहता येईल अशी एकही गोष्ट या मजकुरात नव्हती. आणि धमकी दिली की प्रकरण सुटतं असं मला तरी कधी दिसलेलं नाही.

आम्ही नव्याने लिहिलं ते हे. पाठवताना साध्या इंग्रजीत केलं, पण आधी मराठीत मांडलं. आपल्या भाषेत वाक्य नीट बसलं की भाषांतरात घोळ होत नाही.

विषय: आमच्या निवासाच्या नावाने दुसऱ्याने केलेली नोंद, तिच्यावरील फोन नंबर फसवणुकीसाठी वापरला जात आहे.

मी 'सोनचाफा' या निवासाची मालक आहे. हे माझं राहतं घर असून त्यातल्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. आमची खरी नोंद: (दुवा १). काढायची नोंद: (दुवा २).

दुसऱ्या नोंदीवर आमचं नाव आणि आमच्या गावाचा पत्ता आहे. तिच्यावरील आठ फोटोंपैकी सहा आमचे आहेत. त्यांतल्या एकाचा मूळ, न कापलेला फोटो सोबत आहे (पुरावा २). फोन नंबर आमचा नाही. त्याचे शेवटचे चार अंक ४४१७. आमचा नंबर पर्यटन विभागाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर आहे (पुरावा ३). नकाशावरची खूण आमच्या घरापासून सुमारे ३०० मीटरवर, इमारत नसलेल्या बागेत आहे (पुरावा ४).

९ मे रोजी दोन कुटुंबं ४४१७ या नंबरवर ६,००० रुपये आगाऊ भरून आमच्याकडे आली. त्यांना मिळालेली पावती, त्यांच्या परवानगीने आणि त्यांची माहिती झाकून, सोबत आहे (पुरावा ५). ती आम्ही दिलेली नाही.

विनंती: दुवा २ वरील नोंद काढून टाकावी. ती आमची शाखा किंवा आमची दुसरी नोंद नाही; कृपया ती दुवा १ मध्ये एकत्र करू नये.

बस्स, एवढंच. प्रत्येक वाक्यात एक गोष्ट आहे आणि ती वाचणाऱ्याला जागेवर बसून ताडून पाहता येते. अठरा वर्षं गेली, समाजकंटक गेले. 'राहतं घर' हे शब्द मात्र मुद्दाम घातले आहेत. गूगलच्या नियमांत नुसता भाड्याने द्यायचा रिकामा बंगला किंवा सुट्टीतलं घर नोंदीला पात्र धरलेलं नाही. यजमान जागेवर राहून पाहुण्यांची व्यवस्था बघतो अशी जागा चालते. तक्रार केली की तपासणाऱ्याची नजर आपल्याही नोंदीवर पडते. ती आधी नीट करून घ्या.

पुराव्यांबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण इथे लोक दोन टोकं गाठतात. एकतर काहीच जोडत नाहीत, नाहीतर आधार कार्डापासून सातबाऱ्यापर्यंत सगळं जोडतात. आपण ही जागा चालवतो एवढंच दाखवायचं असतं. त्यासाठी पर्यटन विभागाचं किंवा उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र आणि त्याच पत्त्याचं वीजबिल, एवढी जोडी पुरते. दोन्हींवर नाव आणि पत्ता तंतोतंत सारखा हवा. काकूंच्या वीजबिलावर अजून सासऱ्यांचं नाव होतं. तेव्हा आम्ही ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती घेतली, ती काकूंच्या नावावर होती. आधार कार्ड कुठेच दिलं नाही.

पाहुण्यांची पावती जोडताना त्यांचा नंबर आणि बँकेचा तपशील झाकायचा, त्याआधी त्यांना विचारायचं. झाकायचं तेही नीट. मोबाइलमधल्या रंगीत मार्कर पेनने फिरवलेली रेघ काळी दिसते, पण पुष्कळदा ती अर्धपारदर्शक असते आणि चित्राचा उजेड वाढवला की खालचे अंक वर येतात. भरीव काळा चौकोन टाका आणि त्या चित्राचा पुन्हा स्क्रीनशॉट घेऊन तो जोडा.

फायलींना नावं द्या: 01, 02 असा आकडा आणि पुढे दोन शब्द. सगळं मिळून एकच पीडीएफ करा, पहिल्या पानावर यादी, आणि पत्रात 'पुरावा ३' म्हटलं की तिसऱ्या पानावर तेच निघालं पाहिजे. काही फॉर्ममध्ये जोडपत्राला जागा असते, काहींत नसते. नसेल तिथे हीच पीडीएफ ड्राइव्हवर ठेवून तिचा दुवा द्या आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर तो उघडतो का ते बघा. परवानगी मागणारा बंद दुवा पाठवणं म्हणजे कुलूप लावलेली पेटी टपालाने पाठवणं.

आणि हे सगळं करताना 'गूगल कस्टमर केअर' असं शोधून मिळालेल्या नंबरवर चुकूनही फोन करू नका. ज्या युक्तीने काकूंचं नाव पळवलं, त्याच युक्तीने असे नंबरही पेरलेले असतात. नोंद काढायला किंवा अभिप्राय पुसायला गूगल पैसे घेत नाही. 'दोन हजार द्या, तारे साफ करतो' म्हणणारा माणूस कोण असेल ते तुम्ही ओळखा.

आता त्या एका ताऱ्याकडे परत. भाच्याच्या तक्रारीला उत्तर आलं, की नियमभंग आढळला नाही. माझ्या मते ते बरोबरच होतं. फसवला गेलेला माणूस राग ओकत होता, तो स्पॅम कसा? काकूंना मी म्हटलं, हा तुमचा शत्रू नाही, हा तुमचा साक्षीदार आहे. पावती त्याच्याकडे, नंबरवरचं संभाषण त्याच्याकडे, पैसे गेल्याची बँकेतली नोंद त्याच्याकडे. त्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते हे, की १९३० या सायबर मदतक्रमांकावर लगेच फोन कर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदव. पैसे त्याचे गेले, म्हणून ती तक्रार त्यानेच करायची. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. काकूंची पोलिसांतली तक्रार वेगळी, आपल्या नावाने तोतयेगिरी झाल्याची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

अभिप्रायाखाली काकूंनी जाहीर उत्तर दिलं, चार ओळींचं: 'तुमचे पैसे गेले याचं वाईट वाटतं. ज्या नंबरवर ते गेले तो आमचा नाही. आमच्या नावाने केलेल्या खोट्या नोंदीवरचा तो नंबर आहे. ती नोंद काढण्यासाठी आम्ही तक्रार केली आहे. आमचा नंबर याच पानावर वर आहे, तुम्हाला लागेल ती मदत करू.' हे उत्तर खरं तर त्या पाहुण्यासाठी कमी आणि पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी जास्त. असं उत्तर द्यायला आपली नोंद आपल्या ताब्यात आणि पडताळलेली असावी लागते. काकूंची तशी होती. नसेल तर तिथूनच सुरुवात करा. हल्ली बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता आणि परिसर, दारावरची पाटी, आणि आपण मालक असल्याची खूण म्हणून कुलूप उघडून आत जाणं, सगळं एका सलग चित्रणात, न कापता.

काकूंच्या मनात आलं, त्या पाहुण्यांना एक रात्र फुकट ठेवून घेऊ आणि तारा काढायला सांगू. मन मोठं, पण ही अट घालू नका. वाईट अभिप्राय काढण्यासाठी किंवा बदलण्यासाठी मोबदला देणं हाच गूगलच्या नियमांचा भंग आहे, आणि त्याचा स्क्रीनशॉट उद्या तुमच्याविरुद्ध पुरावा होईल. फुकट ठेवायचं तर ठेवा, ताऱ्याचा विषय काढू नका. खुलासा वाचून माणसाला पटलं तर तो स्वतःचा अभिप्राय स्वतः बदलू शकतो. त्या पाहुण्याने आठवड्याभरात तो बदलला. तारा पुसला नाही, पण मजकूर केला: 'या नावाची खोटी नोंद आहे, नंबर तपासून घ्या.' काकूंना हे पुसण्यापेक्षा जास्त आवडलं.

खोटा अभिप्राय लिहिणारा खरोखरच खोटा असेल तेव्हाचं पत्र वेगळं. सोनचाफावर तोही एक निघाला, जूनमधला: 'जलतरण तलाव घाण, रिसेप्शनवरचा माणूस उर्मट.' काकूंकडे तलाव नाही आणि रिसेप्शनही नाही, ओसरीवर त्या स्वतः बसतात. पावसाळ्यात पहिले तीन आठवडे निवास बंदच होता. अशा वेळी 'खोटं आहे' म्हणण्याऐवजी 'हा अनुभव या जागेचा असूच शकत नाही' हे दाखवायचं, कारण प्रत्यक्ष अनुभवावर न बेतलेला मजकूर त्यांच्या नियमात बसत नाही. आमचं पत्र चार वाक्यांचं होतं. अभिप्रायाचा स्वतःचा दुवा, जो शेजारच्या तीन ठिपक्यांतून मिळतो. तलाव नसल्याचं प्रमाणपत्रावरच्या सुविधांच्या यादीतून दाखवलेलं. आणि त्या तारखांना निवास बंद असल्याची, आधीच नोंदीवर टाकलेली सूचना. लिहिणाऱ्याने त्याच आठवड्यात शेजारच्या निवासाला पाच तारे दिले होते. ते आम्ही स्क्रीनशॉट लावून सांगितलं, पण 'हा त्यांचाच माणूस' असं लिहिलं नाही. संशय आपला, निष्कर्ष वाचणाऱ्याचा. सिद्ध न होणारा एक आरोप शेजारच्या दोन पक्क्या मुद्द्यांनाही खाली ओढतो.

अभिप्रायाच्या तक्रारीचं काय झालं हे व्यावसायिकाला गूगलच्या अभिप्राय-व्यवस्थापनाच्या पानावर दिसतं. निर्णय विरुद्ध गेला तर तिथूनच अपील करता येतं, पण एकदाच. म्हणून पहिली तक्रार म्हणजे फक्त एक बटण, आणि खरं पत्र अपिलात, असं धरून चाला. पुरावा हाती नसताना रागाच्या भरात अपील दाबलं की ती एक गोळी वाया गेली.

तोतया नोंदीच्या फॉर्मनंतर सविस्तर उत्तर येईलच असं धरू नका. नोंद गेली की नाही हे स्वतःच बघत राहायचं, आणि तेही आपल्या खात्यातून बाहेर पडून, दुसऱ्याच्या मोबाइलवर. काहीच हललं नाही तर पुढची पायरी कायद्याने दिलेली आहे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे अशा कंपन्यांना भारतासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. त्याला आधीचंच पत्र पाठवायचं, वर दोन ओळी वाढवून: आधीच्या तक्रारीची तारीख, आणि नियम ३(१)(ख) मध्ये दुसऱ्याचं सोंग घेणारा मजकूर मना आहे याचा उल्लेख. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर ऑनलाइन अपील करता येतं. २०२३ पासून ही सोय आहे आणि तिला शुल्क नाही. पोचपावतीचा आणि निर्णयाचा ईमेल जपून ठेवा, समितीपुढे तारखा त्यांवरूनच ठरतात.

काकूंची खोटी नोंद यातलं शेवटचं काही न करताच गेली. पण ऑगस्टमध्ये, गणपतीच्या बुकिंगच्या तोंडावर, भाच्याला पुन्हा एक सापडली. नंबर नवा, नावापुढे 'बीच' हा शब्द वाढवलेला, फोटोंत तेच अर्धं वृंदावन. या वेळी त्याने मला फोन केला तो काम झाल्यावर. जुनी फाइल उघडली, दुवा २ बदलला, चार अंक बदलले, नवा स्क्रीनशॉट पहिल्या पानामागे लावला आणि पाठवून दिलं. एकूण वीस मिनिटं लागली म्हणाला, त्यातली पाच लाइट जाऊन आल्याची.